मार्चमधील धक्का ऑक्टोबरमध्येच टाळता येतो

सीमा रस्ते संघटनेच्या सेवेतील एका कार्यकारी अभियंत्याची अधीक्षक अभियंतापदाची बढती हुकली. त्या बढतीसाठी लागोपाठच्या पाच वर्षांच्या गोपनीय अहवालांत ‘खूप चांगला’ असा शेरा असणे आवश्यक होते. या अभियंत्याच्या १९९३-९४ च्या अहवालात केवळ ‘चांगला’ असा शेरा होता. तो शेरा प्रतिकूल मानला जात नसल्यामुळे त्यांना कोणी कळविलाच नाही. बढती हुकल्यावरच त्या एका शब्दाचे मोल त्यांना समजले. ‘देवदत्त विरुद्ध भारत सरकार’ या नावाने ओळखला जाणारा हा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १२ मे २००८ रोजी न्यायालयाने निर्णय दिला, की सरकारी कर्मचाऱ्याच्या वार्षिक अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, त्याला कळविलीच पाहिजे. निकाल लागेपर्यंत ते अभियंता निवृत्त झालेले होते.

हा निर्णय सरकारी सेवेपुरता आहे. खासगी दुकान, कारखाना किंवा कंपनी त्याने बांधली जात नाही. परंतु त्यामागील न्याय सर्वत्र सारखाच आहे. माणसाविषयीचे मत कागदावर तयार होत राहते, त्याचा परिणाम पगारावर व पदावर होतो, आणि ते मत त्याला कळते तेव्हा सुधारण्याचा काळ संपलेला असतो. एप्रिल ते मार्च असे आर्थिक वर्ष पाळणाऱ्या कंपन्यांत ऑक्टोबरच्या सुमारास होणारा सहामाही आढावा याच अंतरासाठी असतो. त्यात श्रेणी दिली जात नाही आणि पगारवाढही ठरत नाही. मार्चमध्ये श्रेणी खाली ओढू शकेल अशी प्रत्येक गोष्ट वर्षाचे सहा महिने शिल्लक असतानाच सांगून टाकणे, एवढेच त्याचे काम.

पुष्कळ ठिकाणी हा आढावा होतो, तरीही मार्चमध्ये धक्का बसतोच. असे का होते, हे एका नमुन्यादाखल घेतलेल्या उदाहरणावरून पाहता येईल.

औषधांचा घाऊक व्यापार करणारी एक पेढी आहे. तिच्या वितरण विभागाच्या प्रमुखाकडे एप्रिलमध्ये दोन मुख्य उद्दिष्टे लेखी दिलेली होती. दुपारी दोनपर्यंत आलेल्या मागण्यांपैकी ९५ टक्के मागण्या त्याच दिवशी रवाना व्हाव्यात, हे पहिले. पाठविलेल्या मालाच्या दर हजार नगांच्या ओळींमागे चुका ५ पेक्षा अधिक नसाव्यात, हे दुसरे. सहा महिन्यांनंतर पहिला आकडा ९६ टक्के होता. दुसरा आकडा हजारी ९ झालेला होता. सुमारे ४० हजार ओळींत ३६० चुका.

विभागप्रमुखाच्या मनात स्वतःचे चित्र उत्तम होते. औषध दुकानदार दूरध्वनीवरून त्याच्या तत्परतेची वाखाणणी करीत. चुकीचा माल परत येई तो मात्र परतीच्या खिडकीवर, दुसऱ्याच माणसाकडे. व्यवस्थापकाच्या मनातील चित्र निराळे होते, पण माणूस कष्टाळू असल्यामुळे त्याला दुखवणे जड जात होते. अशा वेळी सामान्यतः पाच मिनिटांची भेट होते. व्यवस्थापक म्हणतो, “एकंदरीत छान चालले आहे, फक्त अचूकतेकडे थोडे लक्ष असू द्या.” बोलणाऱ्याच्या मते त्याने इशारा दिलेला असतो. ऐकणारा मात्र ‘छान चालले आहे’ एवढेच घरी घेऊन जातो. मार्चमधील धक्क्याचे बीज बहुधा या एका वाक्यात असते. आढावा झाल्याची नोंद दोघांकडेही असते, पण आढाव्यात काय ठरले याचे उत्तर दोघांचे वेगवेगळे असते.

या पेढीत गोष्ट वेगळ्या रीतीने घडली. भेटीच्या चार दिवस आधी विभागप्रमुखाला प्रत्येक उद्दिष्टापुढे स्वतःचे मत लिहून देण्यास सांगण्यात आले. त्याने अचूकतेपुढे ‘समाधानकारक’ असे लिहिले. दोघांच्या समजुतीतील अंतर नेमके कुठे आहे, हे व्यवस्थापकाला बैठकीपूर्वीच कळले. त्यामुळे पाऊण तासापैकी निम्म्याहून अधिक वेळ त्याने त्याच प्रश्नासाठी ठेवला.

बैठकीत त्याने ‘निष्काळजी’ हा शब्द वापरला नाही. स्वभावाविषयीच्या विशेषणाला माणूस उत्तर देतो ते स्वतःच्या बचावासाठी. घटनेविषयी मात्र त्याच्याशी बोलता येते. घटना कोणती, त्या वेळी काय केले गेले आणि त्याचा परिणाम काय झाला, या क्रमाने सांगण्याची पद्धत व्यवस्थापनशास्त्रात रूढ आहे. व्यवस्थापक म्हणाला, “ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका रुग्णालयाने ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या मागविल्या होत्या. आपण २५० मिलिग्रॅमच्या पाठविल्या. त्यांनी माल परत केला आणि त्या महिन्याची उरलेली मागणी दुसऱ्या पेढीकडे दिली. सहा महिन्यांत अशा ३६० ओळी चुकल्या आहेत.”

विभागप्रमुख क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “सर, हा आकडा मला आज प्रथमच कळतो आहे.”

या उत्तरातच आढाव्याचा पहिला लाभ होता. परतीची नोंदवही वितरण विभागाकडे कधी येतच नव्हती. दुसरी बाबही चर्चेत उघड झाली. एकाच औषधाच्या दोन मात्रांची खोकी शेजारच्या कप्प्यांत होती, आणि दुपारी चारनंतर गाड्या भरण्याच्या घाईत माल बिलाशी ताडून पाहणारा एकच माणूस उरत असे. म्हणजे ९६ टक्क्यांची तत्परता काही अंशी अचूकतेच्या मोलावर मिळविलेली होती. एक उद्दिष्ट गाठताना दुसरे मोडत आहे, हे वर्षाच्या मध्यावर दिसले, तरच त्यांचा तोल पुन्हा बसविता येतो.

त्यानंतर बहुतेक आढाव्यांत गाळले जाणारे वाक्य व्यवस्थापकाने उच्चारले. “आज ३१ मार्च असता, तर मी तुम्हाला ‘अपेक्षेहून कमी’ ही श्रेणी दिली असती.” हे वाक्य कठोर वाटते, म्हणून ते टाळले जाते. परंतु सूचना ऐकली आणि तिचे वजन कळले नाही, तर ती न ऐकल्यासारखीच होय. श्रेणीचे नाव घेतल्याखेरीज ते वजन कळत नाही. अधिकृत श्रेणी दिलेली नसते. दिशा मात्र स्पष्ट झालेली असते.

येथे एक साधे गणितही मांडणे आवश्यक होते. पहिल्या सहामाहीत चुका हजारी ९ झाल्या. दोन्ही सहामाहींत काम सारखेच असेल, तर वर्षाची सरासरी ५ वर आणण्यासाठी दुसऱ्या सहामाहीत त्या हजारी १ वर आणाव्या लागल्या असत्या. ते जवळजवळ अशक्य होते. “सुधारणा करा, मार्चमध्ये सर्व ठीक होईल” असे म्हणणे म्हणूनच गोड असत्य ठरले असते. माणसाने ऑक्टोबर ते मार्च मनापासून राबावे आणि सरासरीने त्याला तरीही नापास करावे, हा धक्का तर अधिकच कडू. तेव्हा दोघांनी असे ठरविले, की अचूकतेचे मूल्यमापन दुसऱ्या सहामाहीच्या आकड्यावर व्हावे. परंतु श्रेणी अंतिम करण्याचा अधिकार मालकांचा होता. व्यवस्थापकाने स्वतःच्या शब्दावर हे वचन दिले नाही. दोन दिवसांत त्याने मालकांची संमती घेतली आणि मगच ते लिहून दिले.

ती लेखी नोंद अवघी अर्ध्या पानाची होती. चुकांचा आजचा आकडा आणि मार्चपर्यंतची अपेक्षा तीत होती. दोन मात्रांची खोकी वेगळ्या कप्प्यांत हलविणे, ही विभागप्रमुखाची जबाबदारी लिहिली होती. परतीची वही दर सोमवारी त्याच्याकडे पोहोचविणे आणि चारनंतर ताडणीसाठी दुसरा माणूस देणे, या व्यवस्थापकाच्या जबाबदाऱ्या होत्या. पुढील भेटींच्या दोन तारखाही होत्या, नोव्हेंबरअखेर व जानेवारीअखेर. वरिष्ठाने काय करायचे, हे नोंदीत नसेल, तर मार्चमध्ये दोष एकट्या कर्मचाऱ्याच्या माथी येतो. विभागप्रमुखाने नोंद वाचून तीत एक ओळ आपल्या हाताने जोडली, की दुसरा माणूस मिळेपर्यंत ९५ टक्के तत्परता राखता येणार नाही. व्यवस्थापकाने ती मान्य केली. ही सहमती त्या दिवशी झाली नसती, तर मार्चमध्ये तिचा वाद झाला असता.

नोव्हेंबरअखेर चुका हजारी ७ पर्यंत उतरल्या. दुसरा माणूस मात्र डिसेंबरमध्ये मिळाला, आणि तो उशीर व्यवस्थापकाच्या नावावर नोंदला गेला. दुसऱ्या सहामाहीची सरासरी अखेर हजारी ५ आली. तत्परता ९४ टक्क्यांवर घसरली होती, पण त्याचे कारण आधीच लिहिलेले होते. मार्चमध्ये विभागप्रमुखाला ‘अपेक्षेनुसार’ ही श्रेणी मिळाली. ‘अपेक्षेहून सरस’ मिळावी अशी इच्छा त्याला होती, आणि त्याने ती बोलूनही दाखविली. श्रेणी वाचून तो नाराज झाला असेल, चकित झाला नाही. त्या बैठकीत नवे असे एकही वाक्य उच्चारले गेले नाही.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. आढाव्यानंतर घडलेली चूक ऑक्टोबरच्या नोंदीत असू शकत नाही. ती घडेल त्याच आठवड्यात सांगावी लागते. मार्चपर्यंत साठवून ठेवली, तर वर्षभराचे सौजन्य एका दिवसात व्यर्थ जाते. काही मोठ्या कंपन्यांत वरच्या श्रेणी किती जणांना द्यायच्या याचे प्रमाण ठरलेले असते. तेथे उत्तम काम करूनही खालची श्रेणी पदरी पडू शकते, आणि ही शक्यता वरिष्ठाने ऑक्टोबरमध्येच बोलून दाखविली पाहिजे. पगारवाढीचेही तसेच. ती पेढीच्या त्या वर्षीच्या नफ्यावर अवलंबून असेल, तर चांगल्या आढाव्याचा अर्थ ठरावीक वाढ असा नव्हे, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

वरिष्ठ काहीच सांगत नसेल, तर कर्मचाऱ्याने स्वतः एक प्रश्न विचारावा: “आज वर्ष संपले असते, तर माझी श्रेणी कोणती असती, आणि कोणत्या कारणाने?” उत्तर गुळमुळीत आले, तर आपल्याला जे समजले ते चार ओळींत लिहून त्याच दिवशी वरिष्ठाकडे पाठवावे आणि काही चुकले असल्यास कळविण्याची विनंती करावी. सीमेवर रस्ते बांधणाऱ्या त्या अभियंत्याला असा प्रश्न विचारण्याची वेळच मिळाली नाही. त्याच्या अहवालातील शब्द कोणी त्याच्यापर्यंत पोहोचविलाच नव्हता.