‘कारणे दाखवा’ म्हणजे निकाल नव्हे

नांदेड-लातूरच्या सफाई खात्यांत, कारखान्यांत आपली माणसं राबतात. वारंवार गैरहजेरीची नोटीस कुणाच्या हाती पडली की आम्ही आधी पाहतो : तिच्यात तारखा आहेत का?

‘आपण सवयीचे कामचुकार आहात, कामावरून का काढू नये?’ हा आधीच लावलेला निकाल झाला. न्याय्य नोटीस सांगते : हजेरीपटानुसार 3, 9, 17 आणि 18 जूनला आपण गैरहजर होता, रजेचा अर्ज कार्यालयात नाही, सात दिवसांत लेखी खुलासा करा. तारखा असल्या तरच कामगार दवाखान्याचा कागद दाखवू शकतो, किंवा ‘17 ला आलो होतो, मुकादमाने परत पाठवलं’ असं मांडू शकतो.

डी. के. यादव प्रकरणात असंच घडलं. आठ दिवसांहून अधिक गैरहजेरी दाखवून कंपनीने चौकशीविनाच त्यांचं काम संपवलं. आपल्याला फाटकावरच अडवलं, असं त्यांचं म्हणणं होतं. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हणणं न ऐकता काढणं संविधानाच्या कलम 14 आणि 21 च्या विरोधात ठरवलं. यादवांना काम आणि मागचा निम्मा पगार मिळाला. पुढे 2012 मध्ये कृष्णकांत परमार प्रकरणात, गैरहजेरी जाणूनबुजून होती हेही सिद्ध करावं लागतं, असं न्यायालय म्हणालं.

पण गप्प बसलो तर हे निकाल कामी येत नाहीत. खुलासा मुदतीत, तारीखवार द्या. ज्या दिवसाचं कारण नाही, तिथे खोटं लिहू नका. आणि पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका.

जयभीम!