तापलेल्या लोखंडाची लाली आणि आंदोलकाच्या पायऱ्या

रायपूर शहराच्या उत्तरेस उरला ही औद्योगिक वसाहत आहे. तेथील रोलिंग मिलमध्ये पोलादाचे बिलेट, म्हणजे चौकोनी छेदाचे लांबट ठोकळे, भट्टीत तापवून रुळांमधून काढले जातात. भट्टीतून निघताना अशा बिलेटाचे तापमान साधारणपणे १२०० अंश सेल्सिअस, म्हणजेच १४७३ अंश निरपेक्ष असते आणि ते नारिंगी-पिवळे तेजाळलेले दिसते. अंगणात पडलेले थंड बिलेट मात्र अंधारात अजिबात दिसत नाही. यात नवल करण्याजोगे काही आहे असे कोणास वाटत नाही. परंतु एकोणिसाव्या शतकातील पदार्थविज्ञानाच्या हिशेबाने पाहिले तर हे थंड बिलेटही अंधारात झळकावयास हवे होते.

पुंज सिद्धांत हा अणूच्या पोटातील सूक्ष्म जगाचा विषय असून आपल्या डोळ्यांना त्याचा प्रत्यय येत नाही, असे पाठ्यपुस्तकांतून वारंवार सुचविले जाते. हा समज चुकीचा आहे, आणि तो पसरण्याचे एक कारण विषयाच्या मांडणीत आहे. प्लांकचे सूत्र आरंभीच ऐतिहासिक घटना म्हणून सांगितले जाते. विभाजन फलन हे पुष्कळ पुढे, वरच्या वर्गात, अवकलन करण्याचे एक साधन म्हणून येते. विद्यार्थी त्याचे अवकलन बिनचूक करतो. पण त्या फलनाची किंमत किती, हा साधा प्रश्न त्याला कोणी विचारीत नाही. वास्तविक त्या किमतीतच सगळे मर्म आहे.

आंदोलक म्हणजे ठराविक कंप्रतेने हेलकावणारी कोणतीही वस्तू. भट्टीच्या पोकळीत कोंडलेल्या प्रकाशाचे प्रत्येक स्पंदनही गणिताच्या दृष्टीने आंदोलकच होय. जुन्या मताप्रमाणे आंदोलकाची ऊर्जा उतारावरील चेंडूप्रमाणे कोणत्याही उंचीवर असू शकते. पुंज सिद्धांताप्रमाणे ती जिन्याच्या पायऱ्यांवरच असू शकते, आणि दोन पायऱ्यांमधील अंतर hν इतके असते. येथे h हा प्लांकचा स्थिरांक आणि ν ही कंप्रता. T या निरपेक्ष तापमानास उष्णतेच्या धडपडीतून मिळणाऱ्या ऊर्जेचे माप kT असते. तेव्हा पायरी उष्णतेच्या मानाने किती उंच, हे x = hν/kT या एका संख्येने कळते. प्रत्येक वरची पायरी खालच्या पायरीपेक्षा e^(−x) या प्रमाणात कमी वेळा व्यापलेली असते. सर्वांत खालच्या पायरीचे वजन १ धरून सर्व पायऱ्यांच्या वजनांची बेरीज केली की विभाजन फलन मिळते:

Z = 1 + e^(−x) + e^(−2x) + … = 1/(1 − e^(−x))

ही शाळेत शिकविली जाणारी भूमिती श्रेढीच आहे. Z चा अर्थही सरळ आहे: त्या तापमानास आंदोलकाला खरोखर किती पायऱ्या खुल्या आहेत, याचा तो अंदाज होय. प्रत्येक पायरीची ऊर्जा तिच्या वजनाने गुणून बेरीज करावी व तिला Z ने भागावे, म्हणजे सरासरी औष्णिक ऊर्जा hν/(e^x − 1) इतकी येते.

आता बिलेटाकडे वळू. तांबड्या प्रकाशाची तरंगलांबी ०.६५ मायक्रॉन घेतली, तर १४७३ अंशांस x ची किंमत सुमारे १५ येते. म्हणजे पहिली पायरी इतकी उंच आहे की आंदोलक तिच्यावर सुमारे ३४ लाखांत एकदाच सापडावा. Z ची किंमत १.००००००३ आहे, दुसऱ्या शब्दांत, जिना आहे, पण खुली पायरी एकच. आता १०० मायक्रॉन लांबीच्या अदृश्य अवरक्त तरंगाचा हिशेब करावा. तेथे x सुमारे ०.१ आणि Z जवळजवळ ११ आहे. पायऱ्या इतक्या बुटक्या आहेत की जिना उतारासारखाच वाटतो, आणि सरासरी ऊर्जा जुन्या मताच्या kT पेक्षा फक्त शेकडा ५ ने कमी भरते. बर्लिन येथे रुबेन्स व कुर्लबाउम यांनी १९०० साली अशाच लांब तरंगांवर मोजमापे केली होती. तेथे प्रारण तापमानाच्या प्रमाणात वाढते असे त्यांना आढळले, आणि त्याच वर्षी माक्स प्लांक यांनी आपले सूत्र बसविताना या मोजमापांचा आधार घेतला.

तांबड्या प्रकाशाला जुना नियम लावला असता बिलेट आहे त्यापेक्षा सुमारे सव्वादोन लाख पट तेजस्वी दिसावयास हवे, ०.४५ मायक्रॉनच्या निळ्या प्रकाशात तर सुमारे १२ कोटी पट. शिवाय kT हे तापमानाच्या प्रमाणातच बदलत असल्यामुळे ३०० अंश निरपेक्ष तापमानाचे थंड बिलेटही प्रत्येक रंगात तप्त बिलेटाच्या एक-पंचमांश प्रकाश देत राहिले असते. ते तसे देत नाही, कारण त्याच्या आंदोलकांना पहिल्या पायरीवर चढण्याइतकी उष्णता लाभतच नाही. अंगणातील बिलेटाचा काळोख हा पुंज सिद्धांताचाच पुरावा आहे.

प्लांकच्या वितरणापर्यंत पोहोचण्यास आता एकच पाऊल उरते. पोकळीच्या एकक घनफळात, कंप्रतेच्या एकक टप्प्यात, 8πν²/c³ इतकी स्पंदने मावतात. त्यांना सरासरी ऊर्जेने गुणले की प्लांकचे सूत्र तयार होते. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. नेटक्या हिशेबात सर्वांत खालची पायरी जमिनीपासून hν/2 उंचीवर असते. हा अर्धा भाग तापमानाने बदलत नाही व प्रकाशरूपाने बाहेर पडत नाही. जो विद्यार्थी त्यालाही स्पंदनसंख्येने गुणतो, त्याची बेरीज पुन्हा अनंताकडे धावते, आणि जी आपत्ती टाळावयाची तीच उत्तरात उभी राहते.

या पायरीचा व्यवहारात उपयोग होतो. तप्त धातूचे तापमान दुरून मोजणारा प्रकाशीय उत्तापमापक तांबड्या प्रकाशाच्या तेजावरून तापमान सांगतो, आणि नेहमी ०.६५ मायक्रॉनच्या आसपासची तरंगलांबीच वापरतो. तापमान १२०० वरून १२१५ अंशांवर गेले, म्हणजे निरपेक्ष मापाने शेकडा १ वाढले, तर हे तेज सुमारे शेकडा १६ ने वाढते. ही तीव्रता x च्या १५ या किमतीमुळेच येते. म्हणूनच या उपकरणास एक मोठी सवलत मिळते. बिलेटाचा पृष्ठभाग आदर्श कृष्ण पदार्थ नसतो. त्याची उत्सर्जकता ०.८ असेल, तर तेज शेकडा २० ने कमी भरते. तरीही तापमान केवळ सुमारे २२ अंशांनी कमी दाखविले जाते. जुना नियम खरा असता तर हीच चूक सुमारे २९५ अंशांची झाली असती, आणि अशा उपकरणावर कोणी विसंबला नसता.

अर्थात ही सवलत अमर्याद नाही. बिलेटावरील ऑक्साइडची सुटलेली पपडी आतल्या धातूपेक्षा लवकर थंड होते व उपकरणाला स्वतःचेच तापमान दाखविते. भट्टीत असताना ज्वाळांचे प्रतिबिंब मिसळले तर आकडा वर चढतो. शंका आल्यास दोन बिलेटांमधील अरुंद फटीत उपकरण रोखून पाहावे. फटीत प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित होत असल्यामुळे ती जवळजवळ कृष्ण पदार्थासारखी वागते. फट आणि बिलेट यांचे तापमान एकच असूनही फटीचा आकडा उघड्या पृष्ठभागाच्या आकड्याहून वीस-बावीस अंशांनी वर येत असेल, तर दोष उत्सर्जकतेचा समजावा. फरक याहून बराच मोठा असेल, तर पपडी खरवडून पुन्हा मोजावे.