नानीची भाषा ‘सुधारू’ नका

आपल्याकडे छापलेल्या बुजुर्गांच्या आठवणी एकाच माणसाने सांगितल्यासारख्या वाटतात. तो माणूस म्हणजे लिहून घेणारा नातू. मीही तेच केलं होतं.

नानी कळमनुरीची, 1948 मध्ये आठ वर्षांची. मोबाईलवर ती म्हणते, ‘लोगां बोले, निकलो. अम्मा बोली, नक्को. रोटी तवेपेच थी.’ मी लिहिलं, ‘मुक्तिसंग्रामाच्या काळात आम्हाला घर सोडावं लागलं.’ वाक्य शुद्ध. पण त्यात अम्मा नाही, तवा नाही. आणि ‘मुक्तिसंग्राम’ हा शब्द नानीने उच्चारलाच नव्हता. ती ‘पोलीस ॲक्शन’ म्हणते. हा शब्द बदलणं म्हणजे तिची साक्ष बदलणं.

काही मित्र उलटं करतात, ‘लोगां’चं ‘लोग’, ‘नक्को’चं ‘नहीं’. अरे, हा ‘नक्को’ आणि ‘तवेपेच’मधला ‘च’ दखनीत आला तो मराठीतूनच ना?

आता मी ऐकू येईल तसं उतरवतो, माझे प्रश्नही लिहितो. खोकला आणि अडखळणं गाळतो, क्रम हलवत नाही. दखनी वाक्य ठेवून खाली मराठी अर्थ देतो. रोटीनंतर ती एकदम बैलगाडीवर गेली, मधलं बोललीच नाही. तिथे मी ‘(नानी थांबली)’ एवढंच लिहिलं. जिल्हा ती परभणीच सांगते. हिंगोली 1999 मध्ये वेगळा झाला, हे कंसात टाकलं.

मग सगळं तिला वाचून दाखवलं. ‘हौ, मैंच बोली,’ म्हणाली. एक नाव मात्र काढायला लावलं. काढलं.