न आलेले व्याज

धुळ्याच्या एका व्यापारी वाचकांनी विचारले आहे : आपले खाते एनपीए झाल्यावर बँक त्यावरील व्याज उत्पन्नात धरीत नाही, मग ते व्याज माफ झाले असे समजावे काय? तसे मुळीच नाही. पण बँक ते का धरीत नाही, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, जळगावातील एका डाळमिलला ५० लाखांचे कॅश क्रेडिट १२ टक्क्यांनी मिळालेले आहे. खाते मर्यादेइतके भरलेले आहे आणि १ जानेवारीपासून त्यात एक रुपयाही जमा झालेला नाही. बँक दरमहा सुमारे ५० हजार रुपये व्याज खात्याला नावे टाकते व तीच रक्कम आपल्या नफ्यात जमा धरते. नीट पाहता, हे व्याज ग्राहकाने दिलेलेच नाही. कर्ज तेवढे फुगले आहे. अशा नफ्यातून सभासदांना लाभांश वाटला, तर तो प्रत्यक्षात ठेवीदारांच्या पैशातून जातो.

म्हणून ९० दिवस खाते असेच राहिले की ते एनपीए ठरते. ३१ मार्चला तीन महिन्यांचे दीड लाख व्याज उत्पन्नातून परत काढावे लागते. पुढील व्याज नफ्यात न घेता केवळ स्मरणार्थ नोंदवून ठेवले जाते. ग्राहकाकडून ते मागण्याचा बँकेचा हक्क कायम राहतो आणि दाव्यातही ते मागितले जाते.

शिवाय तरतूद आलीच. तारण पुरेसे असलेले खाते पहिले वर्षभर दुय्यम दर्जाचे असते. व्यापारी बँकेस १५ टक्के, म्हणजे येथे साडेसात लाख, नफ्यातून बाजूला ठेवावे लागतात. वर्षानंतर ते संशयित वर्गात जाते. त्या वेळी तारणमाल ३० लाखांचाच उरला असेल, तर उघड्या पडलेल्या २० लाखांची पूर्ण आणि तारण असलेल्या भागाची २५ टक्के, मिळून साडेसत्तावीस लाखांची तरतूद लागते. सहकारी बँकांचे दर काहीसे वेगळे आहेत.

मार्चअखेरीस नातेवाइकाच्या खात्यातून रक्कम आणून दोन दिवसांत परत नेण्याची युक्ती आपल्याकडे अपरिचित नाही. वर्षभराचा उतारा वाचणाऱ्या तपासनिसाला ती लगेच दिसते, कारण त्या जमेमागे विक्री नसते.

थकीत खाती निर्दोष दाखवीत राहिल्याने काय होते, ते २०१९ च्या सप्टेंबरात पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत दिसले. एचडीआयएल समूहाची खाती एनपीए दाखवलीच नव्हती. कागदोपत्री बँक नफ्यात होती. रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा ठेवीदारांना आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा उरली.

एनपीए झालेले खाते पुन्हा नियमित करायचे, तर एखादा हप्ता भरून भागत नाही. व्याज व मुद्दल यांची सर्व थकबाकी चुकती करावी लागते. त्यामुळे ८० व्या दिवशी भरलेली रक्कम ९५ व्या दिवशी भरलेल्या तेवढ्याच रकमेपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.