माघ, वद्य, बुध, शुद्ध

हस्तलिखित वह्या, पत्रे आणि नोंदवह्या वाचून त्यांची स्वच्छ नक्कल करणाऱ्या आपल्या वाचकवर्गाला जी जोडाक्षरे अडवतात, त्यांत द्य चा क्रमांक फार वरचा लागतो. घाईच्या अक्षरात ते कधी घ सारखे दिसते, तर कधी ध सारखे. नकलांत उमटलेले ‘विघार्थी’ आणि ‘उघोग’ आपण सर्वांनीच पाहिले आहेत. या चुका खटकतात, पण त्या फारसे नुकसान करत नाहीत. असे शब्दच मराठीत नसल्यामुळे तपासणाऱ्याच्या नजरेतून त्या सुटत नाहीत. द्ध आणि द्व यांच्या घोटाळ्याचेही तेच आहे. अक्षराचा खालचा भाग कितीही फिसकटलेला असला, तरी ‘बुद्व’ कुणी वाचत नाही.

नुकसान होते ते दोन्ही वाचने खरे शब्द असतात तिथे. वैद्य आणि वैध, मद्य आणि मध, वाद्य आणि वाघ या जोड्या घ्या. औषधाच्या यादीत मद्यही असू शकते आणि मधही. अशा ठिकाणी शब्दकोश दोन्ही बाजूंनी साक्ष देतो आणि संदर्भही पुष्कळदा दोन्ही वाचने पोसतो. मग वाचणारा आपल्या मनात आधी आलेला शब्द लिहून पुढे जातो. या अंकात या एकाच अडचणीबद्दल लिहायचे आहे, कारण तिच्यावरचा उपाय बहुतेक वेळा त्याच वहीत असतो आणि तरीही तो वापरला जात नाही.

आधी ही अक्षरे एकसारखी का होतात ते पाहू. सावकाश लिहिलेल्या द्य मध्ये लेखणी शिरोरेघेपासून सरळ खाली उतरते. ही द ची मान. मग ती डावीकडे वळून पोट काढते, उजवीकडे परत येऊन छोटी गाठ घेते, तिथून य ची वाटी काढते आणि उभ्या दंडाला भिडते. लिहिणारा घाईत असला की आधी मान आखडते आणि मग गाठ सुटते. उरतात त्या एकाखाली एक अशा दोन वळ्या आणि उजवीकडचा दंड. घ चा सांगाडाही नेमका हाच आहे. मानेचा उरलेला तुकडा डावीकडे कलून शिरोरेघेच्या वर डोकावला, तर त्याचा ध च्या वरच्या गाठीसारखा भास होतो. म्हणजे घाईत द्य चे जे झिजते, नेमके तेच त्याला या दोघांपासून वेगळे ठेवणारे असते.

तरीही काही खुणा मागे राहतात. घ मध्ये दोन वळ्यांच्या मधली खाच तीक्ष्ण असते, कारण लेखणी तिथे फक्त दिशा बदलते. द्य मध्ये गाठ सुटली, तरी लेखणी तिथे क्षणभर रेंगाळते. टाक-दौतीच्या लिखाणात त्या जागी शाईचा ठिपका साठलेला दिसतो. दुसरी खूण अक्षराच्या पायाशी असते. घ ओळीवर उभा राहतो, तर द्य मध्ये य ला जागा करून द्यायची असल्यामुळे खालची वाटी बहुधा ओळीच्या खाली उतरते. या दोन्ही खुणा झेरॉक्सवर पुसट होतात, आणि निव्वळ काळ्या-पांढऱ्या स्कॅनवर शाईचा ठिपका आणि साधी रेघ यांतला फरकच उरत नाही. मूळ पान हाताळता येत नसेल, तर निदान ३०० डीपीआयचे आणि करड्या छटा राखणारे चित्र मागून घ्यावे.

शिरोरेघेची खूण मात्र जपून वापरावी. ध च्या डाव्या भागावर शिरोरेघ नसते आणि घ वर ती सलग असते, हे आपण शाळेत शिकलो. पण ते खरे ठरते ते प्रत्येक अक्षराची रेघ वेगळी ओढणाऱ्याच्या हाती. शब्द लिहून झाल्यावर एका फटक्यात रेघ ओढणाऱ्याची रेघ ध वरूनही जाते. मोडीत तयार झालेल्या हाताची सवय आणखी वेगळी असते. मोडीत ओळभर रेघ आधी ओढतात आणि अक्षरे तिला खालून लटकवतात. असा कारकून बाळबोध लिहू लागला, तरी कित्येकदा रेघ आधीच ओढतो. त्याच्या पानावर ध च्या डोक्यावर सलग रेघ दिसली म्हणून तो घ ठरत नाही. रेघ आधीची की नंतरची, हे भिंगातून एखाद्या दाट ओळीत पाहून ठरवावे आणि मगच तिच्यावर विसंबावे.

आता उपायाकडे येऊ. पुस्तकातला अक्षरतक्ता इथे फारसा कामाचा नाही. ज्या हाताने लिहिले आहे, त्याच हाताचा तक्ता हवा, आणि तोही ज्यांच्या वाचनाबद्दल शंकाच नाही अशा शब्दांतून बनवलेला. जुन्या मराठी वह्यांत असे शब्द तिथीच्या रकान्यात सापडतात. माघ महिन्यात त्याचा घ मिळतो, बुधवारात ध, शुद्ध पक्षात द्ध आणि वद्य पक्षात द्य. शिवाय हे शब्द अक्षर न वाचताही ठरवता येतात. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून शुद्ध पक्ष आधी आणि वद्य नंतर येतो. पौर्णिमेच्या नोंदीपुढे अमावास्येपर्यंत जे काही तिथीआधी लिहिले आहे, ते वद्यच असणार. पौष आणि फाल्गुन यांच्यामध्ये माघच असणार. म्हणजे या नमुन्यांची खात्री पंचांग देते, आणि आपले डोळे फक्त त्या अक्षराचा आकार टिपून घेतात.

अलीकडे वाचनासाठी आलेल्या एका खंडोबाच्या देवळाच्या खर्चाच्या वहीत ही रीत उपयोगी पडली. चंपाषष्ठीच्या उत्सवखर्चात एक नोंद होती. सुरुवातीला वा, मग एक गिचमिड अक्षर, काना-अनुस्वार, स, आणि पुढे दोन रुपये. पहिल्या वाचकाने ‘वाघ्यांस’ असे वाचले. खंडोबाचे देऊळ आणि चंपाषष्ठीचा उत्सव असताना वाघ्यांना काही दिले असणार, हे कुणालाही पटेल. दुसऱ्याने ‘वाघांस’ वाचले, कारण वर्गणीच्या यादीत वाघ आडनाव होते. तिसरे वाचन ‘वाद्यांस’. अर्थाने तिन्ही चालतात, आणि उभे दंड मोजूनही काही हाती लागत नाही. घ्यां, घां आणि द्यां या तिन्हींत अक्षराचा एक दंड आणि कान्याचा एक, असे दोनच दंड येतात.

म्हणून वहीतले सगळे माघ आणि वद्य एका कागदावर उतरवून घेतले. या लेखकाच्या माघमधला घ आटोपशीर होता. खाच कोरडी, पाय ओळीवर. त्याच्या वद्यमध्ये मान जवळपास नाहीशी झालेली होती, पण दोन वळ्यांच्या मध्ये शाईचा ठिपका होता आणि खालची वाटी ओळीखाली गेलेली होती. मग शंकेची नोंद पाहिली. ‘वाघ्यांस’ असते, तर पहिल्या दंडाआधी तीन वळ्या हव्या होत्या, दोन घ च्या आणि त्यांच्या शेजारी एक य ची. तिथे दोनच होत्या आणि त्या एकाखाली एक होत्या. उरला प्रश्न घ की द्य एवढाच. मधला ठिपका आणि ओळीखाली उतरलेली वाटी पाहून तो सुटला. नोंद ‘वाद्यांस’ अशी होती. पहिले वाचन तसेच छापले गेले असते, तर त्या देवळाकडून वाघ्यांना मानधन मिळत होते असा पुरावा तयार झाला असता आणि पुढच्या अभ्यासकाने तो उचललाही असता.

या रीतीच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. तिथीचे शब्द रोज लिहिले जातात, म्हणून ते सर्वांत जास्त झिजलेले असतात. वद्यमधला द्य हा त्या लेखकाचा सर्वांत घाईचा द्य समजावा. क्वचित येणारा शब्द तो सावकाश लिहितो, तेव्हा मान आणि गाठ पुन्हा दिसू शकतात. पुष्कळ वह्यांत तर शुद्ध-वद्यऐवजी ‘शु॥’ आणि ‘व॥’ एवढेच असते, आणि जुन्या लिखाणात बुधवारच्या जागी सौम्यवार येतो. मग उद्या, विद्यमान, घर, घेतले, धान्य अशा शब्दांतून नमुने गोळा करावे लागतात. तिथे पंचांगाची साक्ष नसल्यामुळे प्रत्येक अक्षराचे एकाहून जास्त नमुने घ्यावेत. वहीच्या मध्येच हात बदलला असेल, तर तक्ता तिथून पुन्हा सुरू करावा. आणि अलीकडची कागदपत्रे वाचताना वेगळीच तयारी ठेवावी. २००९च्या शासननिर्णयानंतर पाठ्यपुस्तकांत ‘विद्‌या’ असे द चा पाय मोडून छापले गेले. त्या पुस्तकांवर शिकलेला हात द आणि य शेजारी-शेजारी लिहू शकतो. तिथे घ चा भास होत नाही, पण पायमोडीची तिरकी रेघ उकार समजून ‘विदुया’सारखी वाचने निघू शकतात.

एवढे करूनही अक्षर ठरले नाही, तर तसे लिहिणे हेच आपले काम आहे. या मासिकात छापायला येणाऱ्या नकलांसाठी आम्ही पुढील अंकापासून एक नियम करत आहोत. नकलेत ठरलेले अक्षर साधे लिहावे. नमुन्यांशी ताडून निवडलेले, पण पूर्ण खात्री नसलेले जोडाक्षर चौकटी कंसात घालावे, उदाहरणार्थ वै[द्य]. त्याच पानाच्या तळटीपेत नाकारलेले वाचन आणि ते नाकारण्याचे कारण एका ओळीत द्यावे. ‘संदर्भावरून’ हे कारण एकटे चालणार नाही. लेखणीच्या वळणातली कोणती खूण पाहिली तेही सांगावे. नकलेसोबत त्या लेखकाच्या घ, ध, द्ध आणि द्य यांचे वहीतून घेतलेले नमुने जोडावेत. ही चार अक्षरे काढायला फार वेळ लागत नाही, आणि नकलेतली वाघ, वाद्य आणि वैद्य यांची प्रत्येक जागा पुढच्या वाचकाला स्वतः तपासून पाहता येते.