पाळीच्या तारखेप्रमाणे चेहऱ्याची निगा

नांदेड-लातूरकडच्या भगिनी आम्हाला नेहमी विचारतात, "पाळी जवळ आली की हनुवटीवर दुखऱ्या पुटकुळ्या येतात, चेहरा तेलकट होतो. मग पाळीच्या दिवसांत तोच चेहरा ओढल्यासारखा कोरडा का पडतो?" यात फेसवॉशचा दोष क्वचितच असतो. कारण बहुधा शरीरातल्या संप्रेरकांत असते.

पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बीज सुटते. त्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि शेवटच्या आठवड्यात ते व इस्ट्रोजेन दोन्ही उतरू लागतात. तेलग्रंथींना चालना देणाऱ्या अँड्रोजेनचा जोर तेव्हा तुलनेने जास्त जाणवतो. तेल वाढते, छिद्रे बुजतात आणि हनुवटी व जबड्याच्या कडेने पुटकुळ्या उठतात. पाळी सुरू होते तेव्हा इस्ट्रोजेन सर्वांत कमी असते. त्यामुळे त्वचा ओलावा नीट धरत नाही, झोंबते, आणि थ्रेडिंगही नेहमीपेक्षा जास्त दुखते. प्रत्येकीला असे होतेच असे नाही. म्हणून आधी तीन महिने कॅलेंडरवर पाळीची तारीख आणि पुटकुळी आल्याचा दिवस लिहून ठेवा. पुटकुळ्या दर वेळी पाळीआधीच्या आठवड्या-दीड आठवड्यात येत असतील तर पुढची रीत तुमच्यासाठी आहे.

दिवस नेहमी मागून मोजावेत. समजा, लातूरच्या एका मुलीची पाळी बत्तीस दिवसांनी येते आणि या वेळी ती 1 तारखेला आली. पुढची पाळी पुढच्या महिन्याच्या 2 किंवा 3 तारखेला येईल. त्याच्या दहा दिवस आधी, म्हणजे 23 तारखेच्या सुमारास, तिने बदल करावा. पुटकुळी वर दिसण्याआधीच आत तयार होत असते. म्हणून ती दिसल्यावर मलम शोधणे उशिराचे ठरते.

23 तारखेपासून तिने जाड क्रीमऐवजी हलके जेल मॉइश्चरायझर घ्यावे. रात्री हनुवटी व जबड्यावर अडीच टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड जेलचा पातळ थर एक दिवसाआड लावावा. हे जेल कापडाचा रंग उडवते. तेव्हा ते पूर्ण वाळू द्यावे, उशीला पांढरा अभ्रा घालावा, आणि सकाळी चेहरा धुतल्यावरच रंगीत ओढणी किंवा नकाब बांधावा. पाळी सुरू होताच जेल थांबवावे. त्या चार-पाच दिवसांत स्क्रब, ब्लीच, वॅक्सिंग टाळावे आणि साधे, बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. पाळी संपल्यापासून पुढचा आठवडाभर त्वचा सर्वांत शांत असते. नवीन वस्तू वापरून पाहायची असेल किंवा थ्रेडिंग करायचे असेल, तर हेच दिवस बरे. नवीन क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन दिवस लावून पाहावे.

सौम्य फेसवॉश आणि सनस्क्रीन मात्र महिनाभर तेच ठेवावे. डॉक्टरांनी अॅडापॅलिन दिले असेल तर तेही पाळीप्रमाणे चालू-बंद करू नये. त्याचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल तर ते वापरू नये.

आपल्याकडे एक गोष्ट वेगळी आहे. वुजूमुळे चेहरा दिवसातून अनेक वेळा धुतला जातो. फेसवॉश मात्र सकाळी आणि रात्री दोनदाच वापरावा, वुजूसाठी नुसते पाणी पुरते. बोअरचे जड पाणी असेल तर साबणाचा थर त्वचेवर राहतो आणि ती जास्त ताणते. अशा घरी साबणाच्या वडीऐवजी बिनसाबणाचा फेसवॉश बरा. वुजूनंतर चेहरा टिपून घ्यावा, घासू नये. पाळीच्या दिवसांत नमाज नसल्याने चेहरा धुणे एकदम कमी होते. मे महिन्याच्या उन्हात घामाचा आणि नकाबाखालचा चिकटपणा साचतो. तेव्हा दुपारी एकदा साध्या पाण्याने चेहरा धुवावा आणि नकाब रोज बदलावा.

पुटकुळ्या महिनाभर सारख्याच येत असतील तर कारण दुसरे असू शकते. केसांचे तेल कपाळावर उतरते का, ते पाहा. गोरेपणासाठी दुकानातून आणलेले मलम लावत असाल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. ते एकदम बंद केल्यास चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच सोडा. पाळी पस्तीस दिवसांपेक्षा लांबत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची तपासणी करून घ्या. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था येथील रुग्णालयांत दाखवता येईल. जाताना तीन महिन्यांचे ते कॅलेंडर सोबत न्या, डॉक्टरांचा पहिला प्रश्न तारखांचाच असतो.