लाडाचं नाव घाईने ठेवू नका



लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचं नवं नाव लिहायची पद्धत आता बऱ्याच घरांनी सोडली. चांगलं झालं. पण तीच गोष्ट मागच्या दाराने परत आली आहे. मांडवपरतणी होते न होते तोच सुप्रियाची ‘सुपी’ होते, नाहीतर माहेरचं ‘छकुली’ कुणाच्या तरी तोंडून ऐकून सगळं घर तीच हाक मारू लागतं.

“अहो, प्रेमानेच म्हणतो ना!” हे उत्तर ठरलेलं. प्रेम असेलही. पण पहिल्या तीन-चार महिन्यांत ‘मला हे नाव आवडत नाही’ असं म्हणायची सोय नव्या सुनेला असते का? ती हसून ओ देते आणि आपण त्याला होकार समजतो. जावयाला मात्र वर्ष झालं तरी ‘राव’ लावल्याशिवाय हाक मारत नाही. त्याच्या आईने ठेवलेलं ‘बंड्या’ आपल्या तोंडी येईल का? मग सुनेलाच वेगळा न्याय कशाला?

आपल्या परंपरेत वर्धमानांना पुढची नावं कशी मिळाली ते आठवा. मुनींची शंका दूर झाली तेव्हा ‘सन्मती’. सर्परूपात आलेल्या संगमदेवाला ते घाबरले नाहीत, तेव्हा ‘महावीर’. आधी प्रसंग घडला, मग नाव आलं. आपण मात्र माणूस कळायच्या आधीच नाव ठेवून मोकळ्या होतो.

मग वेळ झाली हे ओळखायचं कसं? “आई मला सुपू म्हणते” ही नुसती माहिती झाली. “तुम्हीही सुपूच म्हणा” ही परवानगी. दुसरी खूण म्हणजे चारचौघांत, मंदिरात बायकांसमोर त्या नावाने हाक मारली तर ती सहज वळते की आधी आजूबाजूला बघते, हे पाहा. आजूबाजूला बघितलं, तर पूर्ण नावावर परत या. आणि नवरा-बायको आपसांत काय म्हणतात ते त्यांचं. ते ऐकून घरभर करू नये.

माझ्या ओळखीच्या एका घरात सासूबाईंनी पाच-सहा महिने सुनेचं पूर्ण नावच घेतलं. दशलक्षणात सुनेने उपवास केले. पारण्याच्या दिवशी धाकट्या पुतण्याला तिचं लांबलचक नाव म्हणता येईना, त्याने आपलं आपणच ते तोडून हाक मारली. ती खळखळून हसली आणि त्याच्याशी बोलताना स्वतःलाच त्या नावाने संबोधू लागली. तरीही सासूबाईंनी विचारलं, “मीही म्हणू का गं?” ती “म्हणा की” म्हणाली, तेव्हाच त्यांनी म्हटलं.

एवढाच एक प्रश्न विचारायचा असतो. तोवर आईवडिलांनी ठेवलेलं नाव नीट उच्चारा. त्यातही माया भरपूर मावते.